दुसरं कुलूप कोणतं लावायचं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि सांगितलंय, "तू कॉम्प्युटरवाली, त्या ओटीपीच्या भानगडीवर बोल." भानगड कोणती ते आपल्या ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याच गावातल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यातली बरीच वर्षं लॉगिन या एकाच गोष्टीवर काम करण्यात गेली. माणूस दाराशी आला की तो तोच आहे हे यंत्राने कसं ओळखायचं, एवढाच माझा धंदा. तरीही ती भानगड झाली तेव्हा मी त्याच ग्रुपवर होते आणि मला काहीच करता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिच्या बाबतीत हे घडलं ती मैत्रीण आणि ज्यांचे पैसे गेले त्या आपल्या बाई, दोघीही आज इथे आहेत. "नाव घेऊ नकोस, पण सगळं सांग," असं त्यांनीच मला बजावलंय.

श्रावणात या मेळाव्याची वर्गणी गोळा होत होती. एका दुपारी मैत्रिणीला तिच्या नात्यातल्या एका माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज आला, "वहिनी, चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या नंबरवर गेलाय, जरा पाठवता का?" त्या माणसाचं खातं आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं होतं, हे तिला कसं कळणार? एसएमएस खरोखर आलेला होता. तिने सहा आकडे पाठवून दिले. मिनिटभरात तिच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं.

झालं असं, की त्या भामट्याने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाकून तिचा नंबर घातला होता. नियमाप्रमाणे कोड तिच्या सिमवर गेला आणि तिने तो त्याला दिला. तिचे जुने मेसेज त्याला मिळाले नाहीत, कारण ते तिच्या फोनमध्येच होते. पण ती कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे ते त्याला दिसलं आणि नवे मेसेज दिसू लागले. नवे मेसेज सगळे वर्गणीचे. मग त्याने एकेकाला खासगी मेसेज केला, "हॉलवाल्याला आजच अ‍ॅडव्हान्स द्यायचाय, माझं यूपीआय अडकलंय, बारा हजार पाठव, रात्री देते." दोघांनी पाठवले. एक आपला मित्र, त्याला तासाभरात शंका आली. त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन केला आणि त्याची रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. दुसऱ्या आपल्या बाई. विद्यार्थिनीने मागितले म्हणून त्यांनी विचारलंही नाही. त्यांना दोन दिवसांनी कळलं. तोवर पैसे काढून झाले होते.

आता यातला धडा काय? "ओटीपी कुणाला देऊ नका" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते कानावरून जातं. मला वेगळा मुद्दा सांगायचाय. त्या खात्याला कुलूप एकच होतं. एसएमएस आला म्हणजे दुहेरी सुरक्षा आहे असं आपल्याला वाटतं, पण तिथे पासवर्ड नव्हताच. एसएमएसचा कोड हीच पहिली आणि शेवटची पायरी होती. दोन पायऱ्या म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी हव्यात. एक तुमच्या डोक्यात असलेली, म्हणजे पासवर्ड किंवा पिन, आणि दुसरी तुमच्या हातात असलेली, म्हणजे सिम, फोन किंवा किल्ली. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" नावाची सोय आहे. तिथे आपण स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन घालतो. तो लावलेला असता, तर एसएमएसचा कोड मिळूनही भामटा दारातच अडला असता.

तिने तो लावला नव्हता, म्हणून त्यानेच लावला. तिने पुन्हा कोड मागवून आपला नंबर नोंदवला, तेव्हा तो तत्काळ बाहेर फेकला गेला, पण त्याच्या पिनमुळे तिला स्वतःच्या खात्यात शिरायला सात दिवस थांबावं लागलं. त्या सात दिवसांत तिने कुणाचाही फोन घेतला नाही, हे तिच्या घरच्यांनी मला सांगितलं.

तर, दुसरं कुलूप कोणतं लावायचं? आपल्यासारख्यांसमोर चार पर्याय असतात: एसएमएस, ईमेल, फोनमधलं कोड देणारं अ‍ॅप आणि किल्ली. प्रत्येकाला मी दोनच प्रश्न विचारते. हे माझ्याकडून कोण काढून घेऊ शकतो? आणि हे माझ्याकडून हरवलं, तर मी आत कशी जाणार? लोक पहिला प्रश्न विचारतात, दुसरा विसरतात. माझ्या घरात दुसऱ्यानेच घात केला, तो प्रसंग पुढे सांगते.

एसएमएसपासून सुरुवात करू, कारण तो आपल्या हाडीमासी खिळलाय. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड वापरताना जादा पडताळणी सक्तीची केली. हे करणारे देश तेव्हा फार नव्हते. त्यातून आपल्याकडे ओटीपी घरोघर पोचला. त्याचा गुण मोठा आहे. काही शिकावं लागत नाही आणि साध्या बटणांच्या फोनवरही तो येतो. गुलमंडीवरचा दुकानदार असो की खुलताबादेतली माझी मावशी, सगळ्यांना जमतो.

पण एसएमएस तुमच्या फोनवर येत नाही, तुमच्या नंबरवर येतो. नंबर ज्या सिममध्ये, तिकडे कोड. कुणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं नवं सिम काढलं, तर तुमचं सिम मुकं होतं आणि कोड त्याच्याकडे जायला लागतात. ओळखायची खूण सोपी आहे. घरातल्या बाकीच्यांना रेंज आहे आणि तुमच्याच फोनवरून ती अचानक पूर्ण गेली, फोन बंद-चालू करूनही येत नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि मग बँकेला फोन करा. रेंज येईल म्हणून रात्रभर वाट बघू नका. याच धोक्यामुळे सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस चालू न करण्याचा नियम आपल्याकडे आहे. तो गैरसोयीचा वाटतो, पण मूळ मालकाला जागं व्हायला वेळ मिळावा म्हणून आहे.

दुसरा धोका अगदी घरगुती. फोन चोरीला गेला, त्याला कुलूप आहे, म्हणून आपण निर्धास्त. चोर सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि कोड तिथे येतात. त्यावर सिमला पिन लावता येतो. मोबाइल कंपनीकडून तिचा मूळ पिन विचारून घ्या, मग बदला. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके नावाचा आकडा घ्यावा लागतो, म्हणून अंदाजाने काही टाकू नका. शिवाय कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं सेटिंगमधून बंद करा. नाहीतर टेबलावर पडलेला फोन शेजारच्याला कोड वाचून दाखवतो.

आता माझा दुसरा प्रश्न. माझे वडील गेले तेव्हा घरातली कामं आवरता आवरता त्यांच्या सिमचं रिचार्ज राहून गेलं. काही महिन्यांनी आईला त्यांच्या ईमेलमध्ये साठवलेले फोटो हवे होते. पासवर्ड वहीत लिहिलेला सापडला. तो घातला, आणि समोर आलं की कोड एसएमएसने पाठवला आहे. कुठे? त्या बंद झालेल्या नंबरवर. वापरात नसलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते. मी त्या नंबरवर फोन केला. जालन्याकडच्या एका मुलाने उचलला. बिचारा भला होता, पण "दादा, तुमच्या फोनवर आलेला कोड सांगा" हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? जे वाक्य भामटे बोलतात, तेच मला बोलावं लागणार होतं. मी नाही बोलले. ते फोटो अजून आत आहेत. परदेशात असलेल्या आपल्या मित्रांनी हे विशेष लक्षात ठेवावं. इथलं सिम खणात पडलेलं, रिचार्ज संपलेलं, आणि इथली बँक, इथलं ईमेल त्याच नंबराला बांधलेलं, ही तीच गोष्ट आहे.

दुसरा पर्याय ईमेलवर येणारा कोड. त्याचा फायदा असा की सिम बंद असो, तुम्ही दुबईत असा की देवगिरी किल्ल्यावर, इंटरनेट असलं की कोड मिळतो. पण त्याची ताकद ईमेलएवढीच. ईमेलचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्या खात्यांची दारं, कारण "पासवर्ड विसरलात?" या दुव्याचं पत्रही तिथेच येतं. म्हणून मी ईमेलला कुलूप मानतच नाही. ती किल्ल्यांची पेटी आहे. पेटीचं कुलूप तकलादू असेल, तर आतल्या किल्ल्या कितीही भारी असून काय उपयोग? यातली गंमत बघा: बऱ्याच जणांचं ईमेल एसएमएसवर उघडतं आणि बाकी खाती ईमेलवर उघडतात. म्हणजे सगळा वाडा शेवटी त्या एका सिमवर उभा.

तिसरा पर्याय ऑथेंटिकेटर नावाचं अ‍ॅप. दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे ते दाखवतं. अनेकांना वाटतं, हे आकडे कुठूनतरी येतात. येत नाहीत, ते फोनमध्येच तयार होतात. सुरुवातीला आपण पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा एक लांबलचक गुपित आकडा फोनमध्ये साठवला जातो. तोच आकडा त्या कंपनीकडेही असतो. मग दोघेही तो आकडा आणि आत्ताची वेळ एकाच गणितात घालतात. गणित तेच, आकडा तोच, वेळ तीच, म्हणून उत्तरही तेच. शाळेत सर पाढा विचारायचे आणि दोन बाकांवरची दोन मुलं एकमेकांकडे न बघता तेच उत्तर द्यायची, तसं. २०११ पासून या गणिताचं प्रमाण सगळ्यांसाठी खुलं आहे, म्हणून एका कंपनीचं अ‍ॅप दुसऱ्या कंपनीच्या खात्यालाही चालतं.

यातून दोन गोष्टी निघतात. कोड हवेतून प्रवास करत नाही, त्यामुळे सिम बदलून तो चोरता येत नाही, आणि कन्नडच्या घाटात रेंज नसतानाही तो दिसतो. पण फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तर उत्तर चुकतं. कोड बरोबर टाकूनही "चुकीचा" म्हणत असेल, तर आधी फोनची वेळ आपोआप जुळण्याची सेटिंग चालू आहे का ते बघा.

आणि तो गुपित आकडा फोनमध्ये असल्याने फोन गेला की तोही गेला. हे मी, या क्षेत्रातली जाणकार, स्वतःच्या हाताने केलंय. नवा फोन घेताना जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला आणि घरी येऊन आठवलं की अ‍ॅप हलवायचं राहिलं. एका खात्यात परत शिरायला मला अकरा दिवस पत्रव्यवहार करावा लागला. आता काही अ‍ॅप तो आकडा आपल्या क्लाउड खात्यात जपून ठेवतात. सोय होते, पण मग ते क्लाउड खातंच सगळ्याचं मूळ होतं.

अ‍ॅपला आणखी एक मर्यादा आहे आणि चौथ्या पर्यायाचं मोल तिथेच कळतं. सहा आकडे शेवटी माणूस वाचतो आणि टाइप करतो. खोट्या पानावरही तो तितक्याच भक्तिभावाने टाइप करतो. पलीकडे बसलेला भामटा तीस सेकंदांच्या आत तेच आकडे खऱ्या पानावर टाकतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लाउडफ्लेअर कंपनीत असं घडलं. एका मिनिटाच्या आत किमान ७६ कर्मचाऱ्यांच्या फोनवर मेसेज गेले. त्यातला दुवा कंपनीच्या लॉगिनसारखाच दिसणाऱ्या पानाचा होता. तिघांनी तिथे पासवर्ड टाकलेही. हे सगळे तंत्रज्ञ कंपनीतले लोक, हे लक्षात घ्या. तरी कुणी आत शिरू शकलं नाही. त्याच सुमारास ट्विलिओ नावाच्या दुसऱ्या कंपनीवर तसाच हल्ला झाला आणि तिथे मात्र हल्लेखोर आत शिरले. फरक शहाणपणाचा नव्हता. क्लाउडफ्लेअरमध्ये प्रत्येकाकडे दुसरी पायरी म्हणून किल्ली होती.

ही किल्ली म्हणजे पेन ड्राइव्हसारखी छोटी वस्तू. कॉम्प्युटरला लावायची किंवा फोनच्या पाठीला टेकवायची आणि बोट लावायचं. नोंदणी करताना ती त्या संकेतस्थळाच्या नावासाठी एक वेगळं गुपित तयार करते. पुढच्या वेळी ब्राउझर तिला सांगतो, की समोर अमुक नावाचं संकेतस्थळ आहे. नाव तंतोतंत तेच असेल तरच ती उत्तर देते. खोट्या पानाच्या नावात एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी किल्ली गप्प बसते. ते अक्षर तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसेल न दिसेल, किल्लीला दिसतंच. आणि सांगण्यासारखे आकडेच नसल्याने फोनवर गोड बोलून कुणी ते काढून घेऊ शकत नाही.

मग सगळ्यांनी किल्ल्याच घ्याव्यात का? नाही. एक किल्ली काही हजार रुपयांना पडते आणि घ्याव्या दोन लागतात, कारण एक हरवली तर दुसरी हवीच. आपल्या रोजच्या बँकांच्या अ‍ॅपमध्ये ती सहसा चालत नाही. तिचाच भाऊ शोभेल अशी सोय आता फोनमध्ये आली आहे, तिला पासकी म्हणतात. काम त्याच तत्त्वावर, नाव तपासूनच उत्तर देते, पण वेगळी वस्तू नको, बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन पुरतो. तिची मर्यादा एवढीच की तुमच्या फोनचा पिन ज्याला माहीत, त्याला तीही माहीत. नातवंडांना फोनचा पिन सांगून ठेवलेल्या आजी-आजोबांनी याचा विचार करावा.

आता एखाद्या सर्वसाधारण माणसाने काय करायचं, ते मी गेल्या महिन्यात बाईंच्या घरी बसून केलं, तेच सांगते. सिडकोतल्या त्यांच्या घरी चहा होईपर्यंत पाऊण तास लागला.

सगळ्यात आधी ईमेल घेतलं, कारण ती किल्ल्यांची पेटी. त्यांच्या फोनवर पासकी लावली. मग गूगल देतं ते दहा राखीव कोड छापून घेतले. प्रत्येक कोड आठ आकडी आणि एकदाच चालणारा. फोन, सिम सगळं गेलं तरी हा कागद दार उघडतो. तो कागद बाईंनी लोखंडी कपाटात घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला आणि मुलीला जागा सांगितली. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायला मी मना केलं. ज्या फोनसाठी तो राखीव आहे, त्याच फोनमध्ये ठेवून काय साधणार?

मग व्हॉट्सअ‍ॅपचा पिन लावला आणि पिन विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून ईमेलचा पत्ता जोडला. पिन म्हणून जन्मतारीख घालायची नाही, एवढं त्यांनी ऐकलं.

बँकेचा एसएमएस होता तसाच ठेवला. तिथे आपल्या हातात निवड फारशी नाही आणि पासवर्डवर एसएमएस असणं काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या नव्या निर्देशांत दुसरी पायरी एसएमएसचीच हवी असं बंधन नाही. ते १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यामुळे बँका पुढे इतर पर्याय देऊ लागतील, तेव्हा ते घ्या. तोवर त्यांच्या सिमला पिन लावला आणि पडद्यावरचे मेसेज झाकले. किल्ली घेतली नाही. बाईंना तिची गरज नाही. ज्याच्या एका ईमेलवर दोनशे माणसांचे पगार किंवा रुग्णांची माहिती अवलंबून आहे, अशा आपल्यातल्या उद्योजकांनी आणि डॉक्टरांनी ती घ्यावी. वाळूजला कारखाना चालवणारे दोघे मागच्या रांगेत हसताहेत, त्यांना मी नंतर भेटते.

निघताना बाईंनी मला एक प्रश्न विचारला, "अगं, पण उद्या खरंच एखाद्या विद्यार्थ्याला पैशाची नड असली, तर मी काय करू? विश्वासच ठेवायचा नाही का?"

मी म्हटलं, "बाई, विश्वास जरूर ठेवा. फक्त मेसेजवर उत्तर देऊ नका, त्याच्या नंबरावर साधा फोन लावा आणि त्याचा आवाज ऐका." व्हॉट्सअ‍ॅप खातं पळवता येतं, पण साधा फोन अजून त्या माणसाच्या सिमवरच वाजतो. सिमच पळवलेलं असेल, तरी उचलणाऱ्याचा आवाज वेगळा असेल. अठ्ठावीस वर्षांनी भेटूनही बाईंनी त्या दिवशी दारातच माझा आवाज ओळखला, वर बघायच्या आधी. ती पायरी कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही.

मधल्या सुट्टीत मी खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपचा पिन लावायचाय त्यांनी फोन घेऊन या. पिन टाकताना मी तोंड फिरवून बसेन.